ब्लोअरची पेटी सगळ्यात शेवटी बनवा

आमचा प्लांट नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आहे. चणाडाळ दळायची आणि बेसन पाइपातून हवेच्या दाबाने सायलोपर्यंत ढकलायचं, हे काम. हवा देणारा ब्लोअर ट्विन-लोब जातीचा, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे रूट्स ब्लोअर म्हणतात तो. १५ किलोवॅटची मोटर, व्ही-बेल्टवर १५०० आरपीएम, ०.४ बार दाब. हा ब्लोअर चालू असला की शेजारी उभ्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावं लागायचं.

मेंटेनन्सची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी पहिल्याच महिन्यात त्याच्यावर पत्र्याची पेटी बसवून घेतली. पैसे गेले आणि आवाज एका डेसिबलने कमी झाला. पेटी बनवणारा वेल्डर स्वतः बुचकळ्यात. म्हणाला, "भाऊ, पत्रा तं चांगला जाड लावला, मग आवाज काऊन येते?" एप्रिलच्या शेवटी आतली मोटर ओव्हरलोडवर पडू लागली, ऑपरेटरने दार काढून भिंतीला टेकवलं आणि विषय संपला.

पुढच्या हिवाळ्यात तेच काम उलट्या क्रमाने केलं. आधी इनलेट, मग डिस्चार्ज पाइप, मग पातळ पत्रे, आणि पेटी सगळ्यात शेवटी. १०१.५ डेसिबलवरून ८५ वर आलो. तुमच्याकडे डाळ मिल असो, राइस मिल असो की सांडपाण्याच्या टाकीला हवा देणारा ब्लोअर, क्रम हाच ठेवा.

## आधी जवळ काय काय हवं

कागदपत्रांत ब्लोअरचं डेटाशीट किंवा निदान नेमप्लेटचा फोटो, मोटरच्या नेमप्लेटचा फोटो (किती तापमानापर्यंत चालते ते त्यावर असतं), दोन्ही पुलींचे व्यास, पाइपचा साधा नकाशा आणि ब्लोअरचं मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये इनलेटला किती दाबघट चालते आणि हवा किती तापलेली चालते, हे दोन आकडे शोधून ठेवा.

साधनांत साउंड लेव्हल मीटर. भाड्याने मिळतो. घेताना कॅलिब्रेशनचा दाखला मागा आणि ऑक्टेव्ह बँड, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांच्या पट्ट्या वेगवेगळ्या, दाखवणाराच घ्या. मोबाइलमधलं ॲप "काल आणि आज" यातला फरक ढोबळमानाने सांगतं, पण त्याच्या आकड्यावर खर्चाचा निर्णय घेऊ नका. शिवाय टॅकोमीटर, एक थर्मामीटर, दाबातला फरक मोजायला पारदर्शक नळीचा पाण्याचा यू-ट्यूब, खडू आणि चार इंची सक्शन होज दहा मीटर. होज कशाला लागतो ते दुसऱ्या पायरीत येईल.

कायद्याचे दोन आकडे लक्षात असू द्या. कारखान्याच्या आत कामगाराला आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि दर पाच डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलमध्ये फक्त दोन तास. औद्योगिक क्षेत्रात बाहेरच्या आवाजाची मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७०. ही रात्र दहाला सुरू होते. तिसरी पाळी चालवणाऱ्यांना म्हणून वेगळा विचार करावा लागतो.

## १. मोजमाप: चार जागा, एकच दाब

मशीनच्या चारही बाजूंना पृष्ठभागापासून एक मीटरवर, साधारण छातीच्या उंचीला मीटर धरा. त्या जागांवर खडूने, नंतर रंगाने फुल्या मारा, कारण पुढची प्रत्येक नोंद त्याच फुलीवर उभं राहून घ्यायची आहे. मीटर 'ए' वेटिंगवर आणि 'स्लो'वर ठेवा. ब्लोअर बंद करून बाकी प्लांटचा आवाजही लिहून घ्या. तो ब्लोअरच्या आवाजापेक्षा दहा डेसिबलने कमी असेल तर त्याचा विचार सोडून द्या.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात पडलो होतो. रिकाम्या लाइनवर ब्लोअर शांत असतो. बेसन चालू झालं, दाब ०.४ बारवर गेला की आवाज वाढतो. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर प्रेशर गेजचा आकडा लिहा. नाहीतर सुधारणेनंतर रिकाम्या लाइनवर मोजाल, खूश व्हाल आणि सोमवारी माल चालू झाला की तोंडघशी पडाल.

## २. आवाज कुठून येतो ते वेगळं करा

सगळं यश किंवा अपयश याच पायरीवर ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्लोअरचा आवाज म्हणजे चार आवाजांची बेरीज आहे. हवा ओढणारं तोंड, ब्लोअरची बॉडी आणि मोटर, बाहेर जाणारा पाइप, आणि बेल्टवरचा पत्र्याचा गार्ड. डेसिबलची बेरीज साधी नसते. दोन सारखे आवाज एकत्र आले तर तीनच डेसिबल वाढतात. एक दुसऱ्यापेक्षा दहाने लहान असेल तर बेरजेत अर्धा डेसिबलसुद्धा भर पडत नाही. याचा उलटा अर्थ असा की सगळ्यात मोठा आवाज तसाच ठेवून बाकीचे कितीही दाबले तरी आकडा हलत नाही.

वेगळं करायची पद्धत गावठी आहे, पण चालते. इनलेटच्या फिल्टरच्या जागी दहा मीटरचा सक्शन होज जोडा, त्याचं तोंड शेडच्या बाहेर सोडा आणि परत मोजा. आमच्याकडे १०१.५ चे ९६ झाले. मग होज तसाच ठेवून डिस्चार्ज पाइपला दोन-तीन थर रॉकवूल आणि वरून पत्रा गुंडाळला, पुन्हा मोजलं. मग गार्ड काढून मोजलं. गार्ड काढलेला असताना आजूबाजूला दोरी बांधून माणसं लांब ठेवा, फिरत्या बेल्टजवळ कुणी यायला नको. या वजाबाक्या डेसिबलच्या नियमाने केल्यावर हाती आलं ते असं:

- इनलेटचं तोंड: १००
- बॉडी आणि मोटर: ९३
- डिस्चार्ज पाइप: ९१
- बेल्ट गार्ड: ८८

आता माझ्या पहिल्या पेटीचा घोळ कळेल. आतली हवा तापते म्हणून आम्ही इनलेटचा फिल्टर पेटीच्या बाहेर काढला होता. ते बरोबरच होतं. पण तो १०० डेसिबलचा भोंगा उघडाच राहिला. पेटीने ९३ आणि ८८ दाबले, १०० आणि ९१ तसेच. बेरीज १००.५. वेल्डरचा काही दोष नव्हता.

## ३. इनलेटचा सायलेन्सर: लांबीचं गणित

ट्विन-लोब ब्लोअर एका फेरीत हवेचे चार ठोके देतो. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, म्हणजे १०० ठोके. म्हणून आवाजाचा मूळ सूर १०० हर्ट्झ, आणि त्याच्या पटीत २००, ३००, ४००. ट्राय-लोब असेल तर चारच्या जागी सहा धरा. ऑक्टेव्ह बँड मीटरवर १२५ आणि २५० च्या पट्ट्या वर चढलेल्या दिसल्या की तुमचं गणित जुळलं.

इतक्या खालच्या सुराला नुसत्या रॉकवूलच्या नळीने काही होत नाही. ५० मिलिमीटर रॉकवूल २५० हर्ट्झच्या खाली जवळजवळ निकामी असतं. इथे लागतो चेंबरचा सायलेन्सर. बारीक पाइप एकदम मोठ्या डब्यात उघडतो आणि पुन्हा बारीक होतो, त्या उड्यांवर आवाज परत फिरतो.

डब्याची लांबी आवाजाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश हवी. ३५ अंशाच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५२ मीटर. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.५२ मीटर, तिचा चौथा भाग ८८ सेंटीमीटर. डब्याचा व्यास पाइपच्या दुप्पट असेल तर उत्तम स्थितीत साडेसहा डेसिबल मिळतात, तिप्पट असेल तर १३, चौपट असेल तर १८. आमचा पाइप १०० मिलिमीटरचा, म्हणून डबा ३०० मिलिमीटरचा घेतला.

आता गंमत बघा. ८८ सेंटीमीटरचा डबा १०० हर्ट्झला उत्तम, पण २०० हर्ट्झला ती लांबी बरोबर अर्धी तरंगलांबी होते आणि आवाज डब्यातून आरपार निघून जातो, जणू डबा नाहीच. आणि २०० हर्ट्झ हाच आपला दुसरा सूर. एकच डबा बनवणारे इथे फसतात. आवाज कमी होतो, पण एक विचित्र घूं-घूं उरते आणि ती कुठून येते ते सापडत नाही. उपाय म्हणजे पहिल्यामागे ४४ सेंटीमीटरचा दुसरा डबा. तो २०० ला उत्तम काम करतो आणि १०० लासुद्धा दहाएक डेसिबल देतो. ४०० हर्ट्झला दोन्ही डबे पुन्हा आंधळे होतात, पण तिथे रॉकवूलचं अस्तर काम करू लागतं. म्हणून दुसऱ्या डब्याच्या आत ५० मिलिमीटर अस्तर, त्यावर ग्लास क्लॉथ, त्यावर भोकांचा पत्रा.

अन्नाचा प्लांट असेल तर एक गोष्ट विसरू नका. रॉकवूलचे तंतू सुटले तर हवेबरोबर ब्लोअरमध्ये आणि तिथून मालात जातात. आम्ही सायलेन्सर आधी आणि फिल्टर नंतर, म्हणजे ब्लोअरच्या बाजूला ठेवला. सुटलेला तंतू फिल्टरला अडकेल.

तुम्ही विकतचा सायलेन्सर घेत असाल तर विक्रेत्याला "किती डेसिबल" विचारण्याऐवजी "१०० हर्ट्झला किती आणि २०० ला किती" असं विचारा. माझ्या अनुभवात या प्रश्नावर अर्धे जण तिथेच गप्प होतात.

बसवल्यावर यू-ट्यूबने इनलेटची दाबघट मोजा आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून पाहा. सायलेन्सरने हवा आवळली तर ब्लोअर तापतो आणि करंट वाढतो. आमच्याकडे पाण्याचा ४० मिलिमीटर फरक वाढला, तो चालण्यासारखा होता. आणि पुढे कधी उत्पादन वाढवायला पुली बदलली किंवा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवला तर हे गणित नव्याने करा. डब्याची लांबी तीच राहते, पण मशीनचा सूर सरकतो आणि नेमका त्या आरपार जाणाऱ्या सुरावर येऊन बसू शकतो.

इनलेटचे १०० आता ८२ झाले. एवढ्या एका कामाने एकूण आकडा ९६ वर आला.

## ४. डिस्चार्ज बाजू

ब्लोअरच्या तोंडाशी, शक्य तितक्या जवळ, चेंबरचाच सायलेन्सर. त्यात रॉकवूल अजिबात नको. एक तर इथून पुढे फिल्टर नाही, थेट माल आहे. दुसरं, हवेचे ठोके इतके जोरात बसतात की अस्तर काही महिन्यांत पिंजून निघतं. इथे गणित करताना हवा गरम आहे हे धरा. मे महिन्यात आमची हवा ब्लोअरमधून ९० अंशाच्या आसपास निघते, तिथे आवाजाचा वेग ३८० च्या वर जातो आणि डबा ९५-९६ सेंटीमीटरचा लागतो. हा डबा दाबाखाली असतो, तेव्हा तो दाबाची भांडी बनवणाऱ्याकडूनच करून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह कुठल्याही बंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी, ब्लोअरकडे असावा.

ब्लोअर आणि पाइप यांच्यात रबरी बेलो टाका, नाहीतर बॉडीचा थरथराट पाइपावर चढून सायलोपर्यंत गातो. बेलोवर तापमानाचा आकडा बघून घ्या.

मग पाइपला ५० मिलिमीटर रॉकवूल, वर जड व्हिनाइलची चादर, वर पातळ पत्रा. वरच्या पत्र्याला धरण्यासाठी आतल्या पाइपला वेल्ड केलेल्या पट्ट्या वापरू नका. त्या पट्ट्यांवरून थरथराट बाहेरच्या पत्र्यात उतरतो आणि गुंडाळलेला पाइप उघड्यापेक्षाही जास्त वाजतो. एकदा आमच्याकडे असंच झालं. पट्ट्या कापल्या आणि पत्रा नुसत्या क्लॅम्पने आवळला, तेव्हा आकडा खाली आला. आमचे ९१ चे ८१ झाले. १०० हर्ट्झच्या सुराला या गुंडाळणीचा फारसा फायदा नाही. ती बाजू आधीच्या डब्याने सांभाळायची असते.

## ५. वाजणारे पत्रे: डॅम्पिंग

बंद मशीनच्या प्रत्येक पत्र्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करा. 'टण्ण' असा लांबणारा नाद आला तर तो पत्रा आवाज फेकतो. 'थप' असा मेलेला आवाज आला तर तिथे पैसे घालवू नका. ब्लोअरची ओतीव बॉडी, मोटर, जाड फ्लँज यांवर डॅम्पिंग शीट चिकटवणं म्हणजे दगडावर गोधडी घालणं आहे. डॅम्पिंग चालतं ते पातळ, मोकळ्या पत्र्यावर. आमच्याकडे गार्ड आणि हवेतून पीठ वेगळं करणाऱ्या सायक्लोनचा वरचा कोन असे दोनच होते.

गार्ड १.२ मिलिमीटरचा. त्याला आतून डॅम्पिंगचा २ मिलिमीटर थर चिकटवला आणि त्यावर ०.८ मिलिमीटर पत्रा. हा वरचा पत्रा महत्त्वाचा. मधला चिकट थर दोन पत्र्यांमध्ये घासला जातो आणि थरथराटाची उष्णता होऊन जिरते. नुसता थर लावला तर तो पत्र्याच्या दीड-दोनपट जाड लागतो. चिकटवताना मध्ये हवेचे फुगे राहिले तर त्या जागी काही उपयोग नाही, म्हणून रोलरने दाबून बसवा.

डांबरी शीट स्वस्त मिळते म्हणून मी आधी तीच घेतली. मे महिन्यात ती मऊ होऊन खाली सरकली आणि बेल्टला चाटू लागली. जवळ उष्णता असेल तर ब्यूटाइल रबरची शीट घ्या आणि कडा रिव्हेटने धरा.

गार्ड ८८ चा ८० झाला. पण त्याची खरी किंमत पेटी बसल्यावर कळते, कारण पेटीत कोंडलेला कर्कश आवाज दारातल्या फटीतून आधी बाहेर येतो.

## ६. आता पेटी

इथवर आलात की बॉडी आणि मोटरचे ९३ डेसिबल हेच मुख्य उरतं. आमची पेटी २ मीटर लांब, १.५ रुंद, १.६ उंच. बाहेर २ मिलिमीटर पत्रा, आत ७५ मिलिमीटर रॉकवूल, त्यावर कापड आणि भोकांचा पत्रा. भोकं एकूण क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असावीत, कमी असतील तर रॉकवूलपर्यंत आवाज पोहोचतच नाही. अस्तर नसलेली नुसती पत्र्याची पेटी आतल्या आत आवाज साठवते, आणि मग जाड पत्र्याचाही निम्मा फायदा वाया जातो.

लोकांची धाव जाडीकडे असते. इतवारीतल्या लोहा ओळीत गेलो की दुकानदारही जाडच पत्रा पुढे करतो. पण जाडी दुप्पट केली तर जास्तीत जास्त सहा डेसिबल मिळतात, तेही फटी नसतील तर. फटींचा हिशोब असा आहे: पेटीच्या एकूण क्षेत्राच्या शेकडा एक भाग जरी उघडा असेल, तर पत्रा कितीही जाड लावा, २० डेसिबलच्या पुढे जाता येत नाही. आमच्या पेटीचं क्षेत्र १४ चौरस मीटर. पहिल्या पेटीला फिटरने उकाड्यासाठी ६०० बाय ४५० ची एक खिडकी कापली होती, म्हणजे जवळजवळ शेकडा दोन. त्या एका खिडकीनेच पेटीची कमाल १७ डेसिबलवर आणून ठेवली. दीड मीटर दाराखालची एक सेंटीमीटरची फट मात्र शेकडा ०.१ इतकीच, ती ३० पर्यंत आडवी येत नाही. मोठी भोकं आधी शोधा, बारीक फटी नंतर.

पेटीला ब्लोअरच्या स्किडवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, पाय ठेवू देऊ नका. पेटी जमिनीवर, स्किड रबरी पॅडवर, आणि दोघांचा एकमेकांना कुठेही स्पर्श नाही. पाइप जिथे भिंतीतून जातो तिथे पाइपपेक्षा मोठं भोक, मध्ये रॉकवूल आणि दोन्हीकडून मऊ रबरी कॉलर. नाहीतर ती पेटी म्हणजे ढोल होते.

उष्णता. नागपूरकरांनी हा भाग दोनदा वाचावा. आमच्या मोटरवर ४५ अंशांची मर्यादा लिहिली आहे, आणि मे महिन्यात शेडमधली हवाच तितकी होते. म्हणजे पेटीत हवा नुसती असून चालत नाही, ती वाहिली पाहिजे. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण पेटी बनवताना आपण एक पंखा लावतो आणि हवा निघायला वाट ठेवत नाही.

हिशोब सोपा आहे. पेटीत साठणारी उष्णता किलोवॅटमध्ये घ्या, तिला ३३०० ने गुणा आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितके अंश जास्त चालेल तितक्याने भागा. उत्तर तासाला घनमीटरमध्ये येतं. आमची मोटर दीड किलोवॅट उष्णता सोडते, बॉडी आणि आतला पाइप मिळून एक, एकूण अडीच. सात अंश वाढ धरली:

```
3300 × 2.5 / 7 ≈ 1180 m³/h
```

ही हवा आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडे सायलेन्सरच्या बोगद्यातून जाते. बोगदा ६०० रुंद, ४५० उंच, मीटरभर लांब. आत १०० मिलिमीटर जाडीचे तीन रॉकवूलचे पडदे आणि मध्ये १०० मिलिमीटरच्या वाटा. त्यातून हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आत राहतो. त्यापेक्षा जोरात गेली तर हवाच सूं-सूं करू लागते. थंड हवा खालून मोटरच्या पंख्याच्या बाजूने घ्या, गरम हवा समोरच्या कोपऱ्यातून वर काढा. ब्लोअरची इनलेट हवा मात्र पेटीच्या बाहेरूनच घ्यायची, आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड पेटीत कधीच सोडायचं नाही.

आतली हवा मोटरच्या मर्यादेपेक्षा सात अंश वर जाणार, हे दिसतच होतं. म्हणून मोटरवाल्याला विचारून लोड तपासला. आमचा करंट नेमप्लेटच्या पाऊणपटच होता, तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. तुमची मोटर पूर्ण लोडवर असेल तर वाढ सातच्या जागी चार अंश धरा आणि पंखा मोठा घ्या. आत ५५ अंशांचा थर्मल स्विच लावा आणि पेटीचा पंखा बंद पडला तर ब्लोअरही बंद होईल अशी वायरिंग करा. हे दोन हजारांचं काम टाळून मोटर जळालेले दोन प्लांट मी पाहिले आहेत.

पेटीचं दार उघडं राहायला दुसरं कारण म्हणजे रोजची कामं. ऑइलची पातळी बघायला दार उघडावं लागत असेल तर ते उघडंच राहील. ऑइलच्या काचेसमोर दुहेरी काचेची छोटी खिडकी, ग्रीसच्या नळ्या बाहेर काढलेल्या आणि बेल्टच्या बाजूची पूर्ण भिंत क्लिपांवर, दोन माणसांना उचलता येईल अशा तुकड्यांत. आमच्या ऑपरेटरला नकाशा दाखवून विचारलं, "तुला रोज कुठे हात घालावा लागते?" त्याने बोट ठेवलं तिथे झाकण दिलं.

## ७. परत मोजा आणि हिशोब जुळवा

त्याच फुल्यांवर, त्याच ०.४ बारवर. आमचे आकडे: इनलेट ८२, गुंडाळलेला पाइप ८१, पेटीतून बाहेर येणारी बॉडी ७५, गार्डचा आवाज आता मोजण्याच्या पलीकडे. यांची बेरीज ८५, आणि मीटरनेही ८५ दाखवले. बेरीज आणि मीटर यांच्यात दोनपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी एक आवाज तुमच्या यादीत नाही असं समजा.

आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती. ब्लोअर गप्प झाल्यावर डाळ दळणारा पल्व्हरायझर ऐकू यायला लागला. त्याच्या शेजारी तो आधीपासून ९० च्या आसपास होता, पण ब्लोअरच्या १०१ खाली झाकलेला. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "इतका खर्च करून आवाज आहेच" असं ऐकावं लागतं.

## ८. पुढची देखभाल

दर महिन्याला यू-ट्यूबची नोंद, पंख्याच्या इंटरलॉकची चाचणी, दाराच्या गॅस्केटवर हात फिरवणं. दर तीन महिन्यांनी फुल्यांवरची मोजणी.

गेल्या मे महिन्यात दाराच्या बाजूच्या फुलीवर ८६.५ आले. ऐकून काही कळेना. रात्रपाळीत ब्लोअर थांबवला, पेटीत एक चालू टॉर्च ठेवला, दार लावलं आणि शेडचे दिवे घालवले. खालच्या कोपऱ्यात उजेडाची रेघ दिसली. गळलेल्या ऑइलने गॅस्केट फुगून तिथून बाहेर आलं होतं. वीतभर नवी पट्टी लावली, ऑइल सील बदललं आणि सकाळी पुन्हा ८५.